०.०७९ की ०.००२८? पी-व्हॅल्यू कशी वाचावी

दोन औषधांत, दोन खतांत किंवा शिकवण्याच्या दोन पद्धतींत मुळात काहीच फरक नाही असे घटकाभर धरून चालले, तर हाती आलेल्या आकडेवारीत दिसतो तेवढा किंवा त्याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, हे सांगणारा आकडा म्हणजे पी-व्हॅल्यू. तो शून्य आणि एक यांच्या दरम्यानच असतो. व्याख्या एवढीच आहे, पण तिच्यातला ‘असे धरून चालले, तर’ हा तुकडा वाचताना हमखास गळून पडतो आणि पी-व्हॅल्यूविषयीचे बहुतेक गैरसमज तिथूनच निघतात.

नवशिक्याला हा आकडा पहिल्यांदा भेटतो तो बहुधा सॉफ्टवेअरच्या निकालात. संगणकाच्या पडद्याचा किंवा छापील कागदाचा मोबाइलवर फोटो काढला जातो, तो मार्गदर्शकाला किंवा मित्राला पाठवला जातो आणि खाली प्रश्न असतो, ‘हे लक्षणीय आहे का?’ अशा फोटोत वरची ओळ कापली गेलेली असते आणि आकडे थोडे पुसट आलेले असतात. आर या मोफत सॉफ्टवेअरचा असा एक निकाल खाली दिला आहे. वरची ओळ गेलेल्या फोटोत जेवढे दिसेल तेवढेच इथे ठेवले आहे.

```
t = -1.8608, df = 17.776, p-value = 0.07939
alternative hypothesis: true difference in means
between group 1 and group 2 is not equal to 0
95 percent confidence interval:
 -3.3654832  0.2054832
sample estimates:
mean in group 1 mean in group 2
           0.75            2.33
```

ही आकडेवारी कुठली?

आर सॉफ्टवेअरसोबतच येणारी `sleep` नावाची ही छोटी आकडेवारी आहे. कुश्नी आणि पीबल्स या संशोधकांनी झोपेच्या औषधांवरचा आपला प्रयोग १९०५ साली प्रसिद्ध केला. त्यातले आकडे घेऊन विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने, आज टी-चाचणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचा पाया घातला. गॉसेट डब्लिनच्या गिनेस या बिअर कारखान्यात नोकरीला होते. लहान नमुन्यांवरून निष्कर्ष कसा काढायचा, हा त्यांच्या रोजच्या कामातला प्रश्न होता. त्यांच्या लेखात औषधांची नावे चुकली होती. म्हणून इथे त्यांना ‘पहिले’ आणि ‘दुसरे’ एवढेच म्हटले आहे.

दहा रुग्णांपैकी प्रत्येकाला दोन्ही औषधे वेगवेगळ्या वेळी दिली गेली. औषध नसतानाच्या झोपेपेक्षा किती तास जास्त झोप लागली, ते खालच्या तक्त्यात आहे. उणे चिन्ह असेल तिथे झोप कमी झाली.

| रुग्ण | पहिले औषध | दुसरे औषध | फरक |
|---|---|---|---|
| १ | ०.७ | १.९ | १.२ |
| २ | −१.६ | ०.८ | २.४ |
| ३ | −०.२ | १.१ | १.३ |
| ४ | −१.२ | ०.१ | १.३ |
| ५ | −०.१ | −०.१ | ०.० |
| ६ | ३.४ | ४.४ | १.० |
| ७ | ३.७ | ५.५ | १.८ |
| ८ | ०.८ | १.६ | ०.८ |
| ९ | ०.० | ४.६ | ४.६ |
| १० | २.० | ३.४ | १.४ |

पहिल्या औषधाने सरासरी ०.७५ तास आणि दुसऱ्याने २.३३ तास जास्त झोप लागली. हेच दोन आकडे निकालाच्या तळाशी आहेत. दोन्हींतला फरक १.५८ तास, म्हणजे सुमारे एक तास पस्तीस मिनिटे. प्रश्न एवढाच की हा फरक औषधांमुळे पडला असे म्हणायचे, की दहा माणसांच्या झोपेतल्या रोजच्या चढउतारातूनही तो सहज निघाला असता?

पी-व्हॅल्यू नाण्याने काढता येते

सॉफ्टवेअर बाजूला ठेवून हा हिशेब हाताने करता येतो. दोन्ही औषधे अगदी सारखी आहेत असे धरू. या गृहीतकाला संख्याशास्त्रात ‘शून्य परिकल्पना’ म्हणतात. औषधे सारखीच असतील, तर एखाद्या रुग्णाला कोणत्या औषधाच्या वेळी जास्त झोप लागली ही नाणेफेकीसारखी गोष्ट ठरते. कौल कधी पहिल्याच्या बाजूने पडेल, कधी दुसऱ्याच्या.

तक्त्यात पाचव्या रुग्णाचा फरक शून्य आहे, तेव्हा तो कोणाच्याच बाजूने नाही. उरलेल्या नऊच्या नऊ रुग्णांना दुसऱ्या औषधाने जास्त झोप लागली. नाणे नऊ वेळा उडवले तर एकूण ५१२ प्रकारचे क्रम येऊ शकतात. त्यांतल्या एकात नऊही वेळा छापा पडतो आणि एकात नऊही वेळा काटा. कोणते औषध सरस ठरेल हे आधी सांगितलेले नव्हते, म्हणून दोन्ही टोके धरावी लागतात. शक्यता झाली ५१२ मध्ये २, म्हणजे ०.००३९. ही झाली पी-व्हॅल्यू.

व्याख्येतला ‘किंवा त्याहून मोठा’ हा भाग का लागतो, तेही इथेच दिसते. समजा नऊपैकी आठच रुग्ण दुसऱ्या औषधाच्या बाजूने गेले असते. आठ छापे पडण्याचे ९ क्रम आहेत आणि नऊ छापे पडण्याचा १. एका टोकाचे १० आणि दुसऱ्या टोकाचे १०, असे २० क्रम होतात. पी-व्हॅल्यू मग ५१२ मध्ये २०, म्हणजे ०.०३९ आली असती. नेमका एकच निकाल घेतला, तर कोणत्याही एका निकालाची शक्यता लहानच निघते आणि त्यावरून काही कळत नाही. म्हणून मिळालेला निकाल आणि त्याच्यापलीकडचे सगळे निकाल मिळून मोजायचे.

एकच आकडेवारी, दोन पी-व्हॅल्यू

नाण्याने ०.००३९ दिले आणि फोटोत ०.०७९ आहे. दोन्ही हिशेब त्याच दहा रुग्णांचे आहेत, तरी एक दुसऱ्याच्या वीसपट. गडबड कुठे झाली ते फोटोतून कापल्या गेलेल्या वरच्या ओळीत होते. तिथे `Welch Two Sample t-test` असे छापलेले असते. तो निकाल पुढील आज्ञेने मिळतो:

```
t.test(extra ~ group, data = sleep)
```

या आज्ञेने सॉफ्टवेअरला असे सांगितले जाते की दहा माणसांना पहिले औषध दिले आणि वेगळ्या दहा माणसांना दुसरे. प्रत्यक्षात माणसे दहाच होती. आकडेवारीच्या रकान्याला `group` असे नाव असल्यामुळे नवशिक्याची फसगत होते. आरच्या मदतपानातही हे नाव दिशाभूल करू शकते अशी सूचना आहे. एकाच माणसाचे दोन आकडे जोडीने घ्यायचे असतील, तर आज्ञा अशी लागते:

```
with(sleep, t.test(extra[group == 1],
     extra[group == 2], paired = TRUE))
```

आणि निकालातला मुख्य भाग असा येतो:

```
	Paired t-test

t = -4.0621, df = 9, p-value = 0.002833
95 percent confidence interval:
 -2.4598858 -0.7001142
sample estimates:
mean difference
          -1.58
```

सरासरी फरक दोन्हीकडे तोच, १.५८ तास. उणे चिन्ह आले ते सॉफ्टवेअर पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करते म्हणून. बदलला तो योगायोगाचा मापदंड. `t` म्हणजे सरासरी फरक भागिले त्या फरकाची प्रमाण त्रुटी. योगायोगाने हा फरक साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो, त्याचा अंदाज म्हणजे प्रमाण त्रुटी. माणसे वेगवेगळी धरली की सातव्या रुग्णाचे ३.७ तास आणि दुसऱ्याचे उणे १.६ तास यांतली तफावतही योगायोगाच्या खात्यात जमा होते, आणि प्रमाण त्रुटी सुमारे ०.८५ तास येते. जोडीने पाहिले तर प्रत्येक माणसाची तुलना त्याच्याच झोपेशी होते, माणसामाणसांतली तफावत वजाबाकीत निघून जाते आणि प्रमाण त्रुटी ०.३९ तासांवर उतरते. १.५८ ला ०.३९ ने भागले की ४ च्या आसपास उत्तर येते. जोडीची पी-व्हॅल्यू ०.००२८ ही नाण्याच्या ०.००३९ च्या जवळ आहे, कारण नाण्याचा हिशेबही जोडीनेच केला होता.

यावरून एक गोष्ट ठरते. पी-व्हॅल्यू हा औषधाचा गुणधर्म नाही. आकडेवारी आणि तिच्याविषयी धरलेली गृहीतके, या दोन्हींवर मिळून ती अवलंबून असते. ‘०.०७९ आले’ एवढेच सांगणारा निरोप म्हणूनच अपुरा ठरतो.

वरची ओळ कापली गेली असली, तरी कोणती चाचणी झाली हे फोटोतून ओळखता येते. त्यासाठी `df` पाहावे. हा स्वातंत्र्य मात्रेचा आकडा आहे. दहा जोड्या असतील तर तो दहातून एक वजा करून ९ येतो. दोन वेगळ्या गटांचे वीस आकडे धरले असतील तर तो १८ किंवा त्याहून थोडा कमी येतो आणि वेल्चच्या पद्धतीत अपूर्णांकातही असतो. प्रयोग दहा जणांवर झाला हे ठाऊक असताना फोटोत `17.776` दिसले, तर चाचणी चुकीची निवडली गेली हे तिथेच कळते.

पुसट फोटोत आणखी दोन ठिकाणी घोळ होतो. फार लहान आकडा आर `1.2e-05` अशा रूपात छापते. त्याचा अर्थ ०.००००१२. कडेचे `e-05` कापले गेले की उरते 1.2. पी-व्हॅल्यू एकाहून मोठी असूच शकत नाही, तेव्हा असा आकडा दिसला की शेपूट कापले गेले आहे हे समजावे. एसपीएसएस या सॉफ्टवेअरच्या जुन्या तक्त्यांत `Sig. (2-tailed)` या रकान्यात `.000` छापलेले आढळते. तिथे शक्यता शून्य नसते. तीन दशांश स्थळांपर्यंत आकडा पूर्णांकित केल्याने ०.०००५ हून लहान शक्यता तशी दिसते. अहवालात ती ‘०.००१ हून कमी’ अशी लिहितात.

उलटा अर्थ

जोडीच्या चाचणीत ०.००२८ आले की पुष्कळदा असे वाचले जाते, ‘दोन्ही औषधे सारखी असण्याची शक्यता ०.२८ टक्के, म्हणजे दुसरे औषध सरस असल्याची खात्री ९९.७२ टक्के.’ हे वाक्य चूक आहे. पी-व्हॅल्यू काढताना औषधे सारखी आहेत हे आधीच धरलेले असते. जे धरून हिशेब सुरू केला, त्याचीच शक्यता त्या हिशेबातून बाहेर येत नाही.

डेंग्यू झालेल्या रुग्णांत ताप बहुतेकांना असतो. म्हणून ताप आलेल्या बहुतेकांना डेंग्यू असतो असे कोणी म्हणत नाही. ‘डेंग्यू असेल तर ताप’ आणि ‘ताप असेल तर डेंग्यू’ या दोन वेगळ्या शक्यता आहेत. दुसरी काढायची तर त्या भागात डेंग्यूची साथ किती आहे हे माहीत असावे लागते. पी-व्हॅल्यू पहिल्या जातीची आहे, आणि लोकांना हवी असते दुसऱ्या जातीची.

एक काल्पनिक हिशेब पाहू. समजा १,००० नव्या औषधांची चाचणी झाली आणि त्यांतली १०० खरोखर गुणकारी आहेत. चाचणी गुणकारी औषधांपैकी ८० टक्के ओळखते, म्हणजे ८० औषधांना ०.०५ हून कमी पी-व्हॅल्यू मिळते. उरलेल्या ९०० निरुपयोगी औषधांपैकीही ५ टक्के, म्हणजे ४५ औषधांना योगायोगाने तशीच पी-व्हॅल्यू मिळते. एकूण १२५ औषधे ‘उत्तीर्ण’ झाली आणि त्यांतली ४५, म्हणजे ३६ टक्के, फोल निघाली. उंबरठा ५ टक्क्यांचा असूनही चुकीचे प्रमाण ३६ टक्के आले. मुळात गुणकारी औषधे किती होती यावर हा आकडा ठरतो, आणि ती माहिती सॉफ्टवेअरच्या निकालात कुठेच नसते.

लहान पी-व्हॅल्यू म्हणजे मोठा फरक नव्हे

तक्त्यातला नववा रुग्ण वेगळा उठून दिसतो. त्याचा फरक ४.६ तास आहे, बाकी कोणाचाच अडीच तासांच्या वर नाही. समजण्यापुरता त्याला वगळून हिशेब केला (खऱ्या अभ्यासात गैरसोयीचा रुग्ण असा काढून टाकता येत नाही), तर उरलेल्या नऊ जणांचा सरासरी फरक १.५८ वरून १.२४ तासांवर येतो. फरक घटला म्हणजे पी-व्हॅल्यू वाढायला हवी असे वाटेल. घडते उलटे. `t` चे मूल्य ४.०६ वरून ५.६६ वर जाते आणि पी-व्हॅल्यू ०.००१ च्याही खाली उतरते. नऊ जणांचे आकडे एकमेकांच्या जवळ असल्याने प्रमाण त्रुटी ०.३९ वरून ०.२२ झाली आणि तिने फरकातली घट भरून काढली.

रुग्णांची संख्या वाढवली तरी असेच होते. आकड्यांतला विखार मूळ प्रयोगाइतकाच ठेवून १,००० रुग्ण घेतले आणि सरासरी फरक फक्त सहा मिनिटांचा निघाला, तरी पी-व्हॅल्यू ०.०१ च्या आसपास येईल. सहा मिनिटे जास्त झोपेसाठी कोणी औषध बदलणार नाही. ‘लक्षणीय’ या शब्दाने इथे घोटाळा होतो. रोजच्या भाषेत त्याचा अर्थ दखल घेण्याजोगे. संख्याशास्त्रात त्याचा अर्थ, निव्वळ योगायोगाच्या गृहीतकाशी सहज न जुळणारे.

फरक किती मोठा आहे हे जाणायचे तर निकालातल्या खालच्या ओळी वाचाव्यात. `95 percent confidence interval` या ओळीखालचे दोन आकडे फरकाचा पल्ला सांगतात. जोडीच्या चाचणीत तो ०.७० ते २.४६ तास आहे, म्हणजे साधारण ४२ मिनिटांपासून दोन तास अठ्ठावीस मिनिटांपर्यंत. ज्या पद्धतीने असे पल्ले काढले जातात, ती शंभरदा वापरली तर सुमारे ९५ वेळा खरा फरक पल्ल्यात सापडतो, असा त्याचा अर्थ. आकडे तासांत असल्यामुळे डॉक्टरला आणि रुग्णालाही ते समजतात. फोटो काढताना मात्र नेमक्या याच ओळी चौकटीबाहेर राहतात, कारण पाठवणाऱ्याचे लक्ष `p-value` वर खिळलेले असते.

०.०५ ची वेस

पहिल्या फोटोतल्या ०.०७९ वरून ‘दोन्ही औषधांत फरक नाही असे सिद्ध झाले’ असे म्हणणे हीसुद्धा तितकीच रुळलेली चूक आहे. त्या निकालातला पल्ला, चिन्हे बाजूला ठेवली तर, दुसऱ्या औषधाच्या बाजूने तीन तास बावीस मिनिटांपासून पहिल्याच्या बाजूने बारा मिनिटांपर्यंत पसरलेला आहे. फरक शून्य असू शकतो आणि तीन तासांचाही असू शकतो. इतका रुंद पल्ला म्हणजे पुरावा अपुरा आहे. फरक नाही याचा तो पुरावा होत नाही. त्याच रुग्णांचे आकडे नीट जोडीने घेतल्यावर फरक स्पष्ट दिसलाच.

०.०५ ही रेघ निसर्गाने आखलेली नाही. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकात वीसात एक ही मर्यादा सोयीची म्हणून सुचवली आणि पुढे तिला नियमाचे रूप आले. ०.०४९ आणि ०.०५१ यांत पुराव्याच्या दृष्टीने नाव घेण्याजोगा फरक नसतो, तरी एक निबंध छापला जातो आणि दुसरा कपाटात पडून राहतो. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली काढलेल्या निवेदनात हेच बजावले होते. पी-व्हॅल्यू परिकल्पना खरी असण्याची शक्यता मोजत नाही, परिणामाचा आकार सांगत नाही, आणि ती एका रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे एवढ्यावरून निर्णय घेऊ नयेत, असे त्यात म्हटले आहे.

फोटोच्या बाहेर राहिलेले

फोटो एका निकालाचा असतो. त्याआधी किती चाचण्या केल्या गेल्या हे त्यात दिसत नाही. एखाद्या सर्वेक्षणातल्या वीस प्रश्नांवर वीस स्वतंत्र चाचण्या केल्या आणि कुठेच खरा फरक नसला, तरी निदान एकात ०.०५ हून कमी पी-व्हॅल्यू मिळण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. ते एकच पान फोटोसाठी निवडले, तर त्यावरच्या `p-value` ला व्याख्येतला अर्थ उरत नाही, कारण व्याख्या आधी ठरवलेल्या एका चाचणीची आहे. निकाल पाहून मग जोडीची किंवा बिनजोडीची चाचणी निवडणे हाही त्याच दोषाचा प्रकार. झोपेच्या प्रयोगात जोडीची चाचणी योग्य ठरते ती माणसे तीच होती म्हणून. तिने लहान आकडा दिला हे ती निवडण्याचे कारण होऊ शकत नाही.

तसेच रुग्ण कसे निवडले, औषधांचा क्रम कोणी ठरवला, झोप मोजणाऱ्याला औषध कोणते ते ठाऊक होते का, यांतले काहीही त्या आकड्यात शिरत नाही. मोजणीच एका बाजूला झुकलेली असेल, तर पी-व्हॅल्यू त्या झुकावालाही फरक समजून लहान होते.

फोटो पाठवणाऱ्याकडून म्हणून चार गोष्टी मागून घ्याव्या लागतात: चाचणीचे नाव असलेली वरची ओळ, पल्ला आणि सरासरी असलेल्या खालच्या ओळी, आकडेवारीतल्या एका ओळीचा अर्थ एक माणूस की एक मोजणी, आणि अशा चाचण्या एकूण किती केल्या याचा आकडा. त्या हाती आल्या की ०.००२८ चे वाचन असे होते: दहा रुग्णांत दुसऱ्या औषधाने सरासरी एक तास पस्तीस मिनिटे जास्त झोप लागली, खरा फरक पाऊण तासाच्या जरा खालपासून अडीच तासांच्या जवळपासपर्यंत असू शकतो, आणि दोन्ही औषधे सारखी असती, तर एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने १,००० वेळा केलेल्या प्रयोगांत तीनेक वेळाच दिसला असता.